रूममेट पुन्हा ‘मी आले’ म्हणायला लागलाय. घरी कळवू का?

भाड्याचा_फ्लॅट · रविवार, रात्री ११:४०

नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये, समजून घ्या.

आम्ही तिघं पुण्यात फ्लॅट घेऊन राहतो, सगळे विशीतले. आमच्यातला एक, त्याला इथे ‘स’ म्हणते, जन्माने मुलगी. दीड वर्षापूर्वी त्याने आम्हाला सांगितलं की तो मुलगा आहे. घरी यातलं काही माहीत नाही. फोनवर आईशी ‘जेवले गं, आत्ताच आले’ आणि फोन ठेवला की आमच्याशी ‘जेवलो, आलो’. ही उडी तो इतकी सहज मारायचा की आम्ही त्यावरून चिडवायचो त्याला.

गेल्या तीन आठवड्यांत आमच्याशीही ‘मी आले’ सुरू झालंय. एकदा टोकलं तर म्हणाला, जाऊ दे, काय फरक पडतो. दिवाळीत त्याला ‘बघायला’ पाहुणे येणार आहेत, घरून ठरलंय. आधी त्यावरून रडणं, भांडणं, रात्र रात्र जागरण चाललं होतं. मंगळवारपासून मात्र एकदम शांत. शुक्रवारी माझे उसने घेतलेले १,२०० रुपये न मागता आणून दिले. दोन आवडते शर्ट तिसऱ्या रूममेटला दिले, ‘तुला बसतील’ म्हणून. समुपदेशकाकडे जाणं बंद केलंय.

मला भीती वाटतेय ती खरी आहे की मी उगाच काहीबाही जोडतेय? घरी फोन करू का? कुणाला सांगणार नाही असं वचन दिलंय मी.

सोलापुरी_काका · रविवार, रात्री ११:५५

आत्ताच्या आत्ता वडिलांना फोन कर आणि सगळं सांग. मुलगी-मुलगा जे काय असेल ते सगळं. जीव राहिला तर बाकीचं बघता येतं. वचन वगैरे पोरखेळ आहे. आणि त्याला खोलीबाहेर जाऊ देऊ नका, मोबाईल काढून घ्या.

रानजाई · सोमवार, रात्री १२:१०

काका, पहिलं वाक्य अर्धं पटलं, शेवटचं अजिबात नाही. मोबाईल काढून घेतला तर ज्या चार माणसांशी तो खरं बोलतो तीही गेली.

नीटनेटका · सोमवार, रात्री १२:२०

परीक्षेच्या दिवसांत मुलं अशीच होतात. माझा पुतण्या नीटच्या वेळी महिनाभर बोललाच नव्हता. निकाल लागला की सगळं ठीक. बदाम-दूध द्या.

टपरीवाला · सोमवार, रात्री १२:२४

नीटनेटका, धागा नीट वाचलेला नाही तुम्ही. (बदाम-दुधाला विरोध नाही.)

निर्गुडी · सोमवार, रात्री १२:५०

मी समुपदेशक आहे, निम्म्याहून जास्त काम क्वीअर आणि ट्रान्स मुलांबरोबरच आहे. इथून कुणाचं निदान करता येत नाही, पण तुझी भीती उगाच नाही. पैसे परत करणं, आवडत्या वस्तू वाटणं, उपचार सोडणं आणि खूप घालमेलीनंतर अचानक शांत होणं, हे सगळं एकाच आठवड्यात आलंय. एकेक सुटं असतं तर मी थांबले असते.

शांतपणाबद्दल एक सांगते. तो खरा सुटल्याचाही असू शकतो. फरक असा ओळखायचा: खरंच बरं वाटलेलं माणूस पुढच्या महिन्याचं काहीतरी बोलतं. ट्रिप, सबमिशन, मोबाईलचा हप्ता, काहीही. दुसऱ्या शांतपणात पुढचं काहीच नसतं, सगळं आवरून ठेवलेलं असतं. ‘स’ दिवाळीनंतरचं काही बोलतो का?

आणि तू ‘आले’बद्दल लिहिलंस ते फार नेमकं आहे. मराठीत दर दुसऱ्या वाक्याला आपण कोण आहोत हे क्रियापदातून सांगावं लागतं. ज्याने धडपडून ‘आलो’ मिळवलं, तो सुरक्षित जागेतही ते सोडून देतो तेव्हा मी कान टवकारते. कधीकधी तो फक्त सरावही असतो, दिवाळीत घरी चुकू नये म्हणून. पण तसं असेल तर तो तसं सांगेल. ‘काय फरक पडतो’ म्हणणार नाही.

घरी कळवायचं की नाही हे नंतर बघू. त्याआधी त्याला विचारायचंय, थेट. तो जागा असेल तर आत्ताच. झोपला असेल तर आज रात्री तुम्ही दोघींपैकी एकीने त्याच्या खोलीत झोपा आणि सकाळी विचारा.

भाड्याचा_फ्लॅट · सोमवार, रात्री १:०५

झोपलाय. गादी ओढून आतच आले मी. दिवाळीनंतरचं काही बोलत नाही. पुढच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट ग्रुप सोडला त्याने, हे लिहायचं राहिलं होतं.

पण थेट विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं मीच घातलं तर?

निर्गुडी · सोमवार, रात्री १:२०

ही भीती सगळ्यांना असते. २००५ साली अमेरिकेत शाळेतल्या दोन हजारांहून जास्त मुलांवर हेच तपासलं होतं. ज्यांना आत्महत्येबद्दल विचारलं त्यांचे विचार न विचारलेल्यांपेक्षा वाढले नाहीत. जी मुलं आधीच खचलेली होती त्यांचा ताण तर थोडा उतरला.

विचारायचं कसं ते मात्र महत्त्वाचं. ‘तू असलं काही करणार नाहीस ना?’ असं कधीच नाही. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. समोरचा ‘नाही गं’ म्हणतो, आणि तुला खरं ऐकायचं नाहीये हेही त्याला कळतं. समोरासमोर बसवू नकोस, शेजारी बस. आधी जे दिसलं तेच सांग: पैसे दिलेस, शर्ट दिलेस, ‘आलो’ म्हणणं सोडलंस, मला भीती वाटली. मग विचार: ‘तुझ्या मनात जीव संपवायचे विचार येतायत का?’ आणि गप्प बस. लगेच बोलायचा मोह होईल, बोलू नकोस.

हो म्हणाला तर तीन गोष्टी हळूच विचारायच्या. विचार कधीपासून आहेत, कसं करायचं ते ठरवलंय का, आणि एखादा दिवस मनात आहे का. दिवस ठरला असेल किंवा तयारी केली असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. अशा वेळी हाताशी येईल असं जे असेल ते, घरातली औषधंसुद्धा, काही दिवस तिसऱ्या ठिकाणी ठेवा. हे त्याला सांगून करा, चोरून नाही.

टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तू स्वतःसाठीही करू शकतेस, ‘मित्राबद्दल बोलायचंय’ म्हणून.

सरळमार्गी · सोमवार, सकाळी ८:१५

अप्रिय बोलतो. आमच्या वेळी हे नव्हतं. इन्स्टावर बघून डोक्यात घेतात आणि मग घरच्यांना वेठीला धरतात. चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, हे मुलगा असल्याचं खूळ काढून टाकेल.

रानजाई · सोमवार, सकाळी ८:४०

‘खूळ काढून टाकतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याची तक्रार करता येते. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असल्या उपचारांवर बोट ठेवलं आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तो डॉक्टरच्या व्यवसायातला गैरप्रकार ठरवला. आमच्या वेळी हे नव्हतं म्हणता, आमच्या गावात नव्हतं का? होतं. बोललं जायचं नाही, एवढंच.

तळ्याकाठी · सोमवार, सकाळी ९:३०

सोलापुरी काकांना उत्तर देतोय, रागाने नाही.

मी गे आहे. वीस वर्षांचा असताना ब्रेकअप झाला. साधा ब्रेकअप असता तर मित्रांनी पाजली असती, आईने दोन दिवस कॉलेजला दांडी मारू दिली असती. माझ्या बाबतीत कुणाला प्रेमच माहीत नव्हतं, तर दुःख कुठून दाखवणार? जेवण सुटलं, वर्गात बसवेना. एका मित्राने चांगल्या हेतूने माझ्या वडिलांना फोन केला आणि काका म्हणतात तसं ‘सगळं’ सांगितलं. रात्रीत मला घरी नेलं. फोन गेला, कॉलेज गेलं, दोन महिने देवऋषी आणि अंगारे. आधी माझ्या मनात जे अधूनमधून यायचं, ते त्या दोन महिन्यांत रोज यायला लागलं.

मित्रावर राग नाही. त्याने फोन केला हे बरोबरच होतं. पण त्याने दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. ‘तो धोक्यात आहे’ ही एक गोष्ट. ‘तो गे आहे’ ही दुसरी, आणि ती माझी होती.

सोलापुरी_काका · सोमवार, सकाळी १०:०५

तळ्याकाठी, वाचून वाईट वाटलं. पण बाप म्हणून विचारतो. कारण न सांगता नुसतं ‘धोक्यात आहे’ म्हणून मला फोन आला, तर मी काय करायचं? अंधारात काय शोधू?

जास्वंद · सोमवार, सकाळी १०:५०

काका, मला असाच फोन आला होता.

माझा मुलगा ट्रान्स आहे. तेव्हा मला तो मुलगी म्हणूनच माहीत होता, एफवायला होता. त्याच्या मैत्रिणीचा फोन: ‘काकू, ती बरी नाही. जेवत नाही, झोपत नाही, काल म्हणाली जगावंसं वाटत नाही. तुम्ही या. का, ते तिला विचारू नका, नुसत्या येऊन बसा.’ नंतर कळलं की ती पोरगी एरवी त्याला ‘तो’च म्हणायची. माझ्याशी बोलताना दर वाक्यात मुद्दाम ‘ती’ लावत होती, तो उघडा पडू नये म्हणून. केवढी अक्कल एकोणीस वर्षांच्या पोरीला.

मी गेले. तीन दिवस काही विचारलं नाही. डोक्याला तेल लावलं, मुगाची खिचडी केली, डॉक्टरकडे बरोबर बसले. चौथ्या दिवशी त्याने स्वतःच सांगितलं. ऐकल्यावर मी जे बोलले ते मात्र चुकलंच. म्हणाले, ‘शिक्षण होऊ दे, मग बघू.’ मला वाटलं मी नाही म्हटलेलं नाही. त्याला ऐकू आलं ते ‘अजून चार वर्षं’.

नाव बदलून हाक मारायला मला वर्ष लागलं. तोवर मी चोरवाट काढली होती. ‘जेवलीस का’ म्हणवत नव्हतं, ‘जेवलास का’ जिभेवर येत नव्हतं, मग ‘जेवण झालं का बाळा?’ मराठीत थोडी कसरत केली की बाई-पुरुष न करता दिवस काढता येतो. मुंबईतल्या ‘स्वीकार’ या पालकांच्या गटात गेले तेव्हा कळलं, ही कसरत सगळ्याच आया करतात.

निर्गुडी · सोमवार, सकाळी ११:१५

जास्वंदताई, तुमची चोरवाट मी लोकांना सांगणार आहे. नावाचा परिणाम मोजलाही गेलाय. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात १२९ ट्रान्स तरुण होते. घर, शाळा, काम, मित्र यांपैकी आणखी एका ठिकाणी निवडलेलं नाव वापरलं जात असेल, तर आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी कमी दिसले.

टपरीवाला · सोमवार, सकाळी ११:३०

ज्या घरात नाव वापरतात ते घर इतर बाबतीतही बरं असणार की. नावामुळेच, असं कसं म्हणता येईल?

निर्गुडी · सोमवार, सकाळी ११:४५

बरोबर पकडलंत. नावानेच होतं असं त्यातून सिद्ध होत नाही, १२९ हा आकडाही छोटा आहे. पण हाक मारायला पैसे पडत नाहीत, म्हणून मी थांबायला सांगत नाही.

‘घर’ म्हणजे आईवडीलच असं धरू नका. धागाकर्ती, त्याच्या बोलण्यात नात्यातल्या कुणाचं नाव सहज येतं? काकू, आजोबा, चुलतभाऊ? फोन त्या माणसाला करायचा, शक्यतो ‘स’च्या समोर बसून. वचनाचं म्हणशील तर त्याला स्पष्ट सांग: तू कोण आहेस हे मी कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या जीवाची गोष्ट एकटीच्या पोटात ठेवणार नाही.

रानजाई · सोमवार, दुपारी १२:३०

इथे माझं वेगळं मत. वचन मोडलं की पुढच्या वेळी तो बोलणारच नाही. मी एकदा मैत्रिणीच्या ताईला सांगितलं, ती आज ठीक आहे, पण माझ्याशी चार वर्षं बोललेली नाही.

तळ्याकाठी · सोमवार, दुपारी १२:४०

ठीक आहे ना पण.

रानजाई · सोमवार, दुपारी १२:४४

आहे. तरीही.

एक_शंका · सोमवार, दुपारी २:१०

हॉस्पिटलात नेलं तर पोलीस येतात ना? आणि भरती करायचं झालं तर आईवडिलांची सही लागणार. मग लपवणार कसं? माझ्या ओळखीत एकाने [मजकूर काढला आहे]

संपादक · सोमवार, दुपारी २:१८

एक_शंका, प्रतिसादातला शेवटचा भाग काढला. कुणी काय केलं त्याचे तपशील इथे नकोत, कोण वाचतंय माहीत नसतं. शंका योग्य आहेत, त्या ठेवल्या.

निर्गुडी · सोमवार, दुपारी ३:००

नुसते विचार येतात म्हणून ओपीडीत गेलं तर पोलिसांचा संबंध नाही. प्रयत्न झालेला असेल तर हॉस्पिटल पोलिसांना कळवतं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम म्हणतं की असं माणूस तीव्र तणावाखाली होतं असं धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही.

सहीचं: याच कायद्यात १४ वं कलम आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. अठरा वर्षं पूर्ण असलेली व्यक्ती आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकते. साध्या कागदावर लिहून सही करायची. तो नातेवाईकच हवा असं नाही, मैत्रीण चालते. स्टॅम्पपेपर वगैरे नको. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ही सोय नाही, तिथे कायद्याने पालकच. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत मला याहून सोपं उत्तर देता येत नाही.

सरळमार्गी · सोमवार, दुपारी ४:२०

देवऋषीचा प्रकार वाईटच. मी डॉक्टर म्हटलं होतं, अंगारे नाही.

तळ्याकाठी · सोमवार, दुपारी ४:३५

मला आतून दोन्ही सारखेच वाटले असते. पण पुन्हा येऊन लिहिलंत, ते वाचलं.

भाड्याचा_फ्लॅट · बुधवार, रात्री १०:१५

दोन दिवस लिहिता आलं नाही.

सोमवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना विचारलं. निर्गुडींनी सांगितलं तसंच, शब्द न बदलता. तो बराच वेळ हातातला टॉवेल पिळत राहिला, कोरडा होता टॉवेल. मग ‘हो’ म्हणाला. दोन महिन्यांपासून. दिवस ठरलाय का विचारलं तर म्हणाला, ‘पाहुणे यायच्या आत.’ मी रडले. तो मला समजावत होता, हे जरा उलटंच झालं.

१४४१६ ला स्पीकरवर फोन केला. दुसऱ्या दिवशी सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. पहिले डॉक्टर म्हणाले, लग्न झालं की स्थिर होतात मुली. ‘स’ उठून निघालाच होता. तिसऱ्या रूममेटने दार अडवलं आणि दुसऱ्या डॉक्टर हव्यात म्हणून काउंटरवर तासभर डोकं खाल्लं. दुसऱ्या डॉक्टरांनी केसपेपर बघितला, मग त्याच्याकडे बघून विचारलं, ‘तुला काय म्हणू?’ त्यांनी गोळ्या दिल्या, त्या माझ्या कपाटात आहेत, रोज एका दिवसाच्या देते. आठवड्याने परत बोलावलंय. प्रतिनिधीचा कागद वहीच्या पानावर लिहून नेला होता. क्लार्कला ते प्रकरणच माहीत नव्हतं, डॉक्टरांनी वाचून फाइलला लावला.

नात्यातलं नाव म्हणाल तर मावशी. त्याचे केस पहिल्यांदा बारीक कापायला तीच घेऊन गेली होती, ‘उन्हाळा आहे’ म्हणून. फोन त्याच्या समोर केला. मी ‘ती बरी नाही’ म्हणत होते आणि तो मान खाली घालून ऐकत होता, ते जड गेलं. मावशीने एकच विचारलं, ‘लग्नाचं आहे का?’ मी म्हटलं, ते तिलाच सांगू दे. तर म्हणाली, ‘पाहुण्यांचं मी बघते.’ तासाभरात त्याच्या आईचा फोन आला की दिवाळीत नको, तुळशीच्या लग्नानंतर बघू. म्हणजे रद्द नाही, पुढे गेलंय फक्त.

निर्गुडी · बुधवार, रात्री १०:४०

खूप केलंत तिघांनी. आता दोन गोष्टी. पाहुणे पुढे गेले म्हणून धोका गेला असं धरू नका. तुळशीच्या लग्नाचा आठवडा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्याच्या आत डॉक्टरांची एक भेट ठरवा. आणि तू एकटीने रोज रात्री जागायचं नाहीस. पाळ्या लावा, मावशीला त्यात धरा.

सोलापुरी_काका · गुरुवार, सकाळी ७:३०

मावशी हुशार आहे. काय झालंय हे न कळताही कामाला लागली. मला जमलं असतं का, माहीत नाही.

भाड्याचा_फ्लॅट · गुरुवार, सकाळी ९:१०

मावशी शनिवारी येतेय, आठ दिवस राहणार. ती त्याला ‘गं’ म्हणते. त्याला विचारलं चालेल का, तर म्हणाला, ‘येऊ दे. थालीपीठ चांगलं करते.’

टपरीवाला · गुरुवार, सकाळी ९:२५

स्वारगेटला घ्यायला कोण जातंय? रिक्षावाला सांगेल ते भाडं देऊ नका.